जेफेट बफर लावूनही गिटार दबकी वाजते? या चुका टाळा

पिकअपवरचा भार कमी करायला बफर लावला, आवाजही येतो, पण वरचे सूर पहिल्यासारखेच बसलेले. अशा वेळी जेफेटला दोष देण्याआधी गेटला जोडलेले रेझिस्टर बघा. जेफेटचं गेट करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे पिकअपवर किती भार पडणार, हे गेटवर तुम्ही लावलेला रेझिस्टर ठरवतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ९ व्होल्टचे निम्मे करणारे १०० के चे दोन रेझिस्टर, म्हणजे डिव्हायडर, थेट गेटवर जोडणं. सिग्नलच्या दृष्टीने ते समांतर येतात, म्हणजे इनपुट उरतो ५० के. हंबकरचा इंडक्टन्स साधारण ४ हेन्री धरला, तर ३००० हर्ट्झला त्याचा अडथळा ७५ के होतो. केबलचा विचार बाजूला ठेवला तरी या सुरांचा निम्म्याच्या आसपासच व्होल्टेज गेटपर्यंत पोहोचतो. खर्जाला फारसा फरक पडत नाही, म्हणून गिटार "दबकी" वाटते.

उपाय असा: दोन १०० के च्या मधल्या बिंदूवरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावा आणि त्याच बिंदूपासून गेटला १ मेगओहम जोडा. पिकअप आणि गेट यांच्यामध्ये ०.०२२ मायक्रोफॅरड हवाच. तो नसेल तर पिकअपची कॉइल गेटला ग्राउंडवर खेचते आणि बायस गायब होतो.

दुसरी अडचण सुट्या पार्टची. कोल्हापुरात २एन५४५७ हा जेफेट मिळाला नाही की कॉलेजच्या लॅबमधला ओळखीचा बीएफडब्ल्यू१० लावला जातो. पार्ट चांगला आहे, पण तो बंद करायला गेट-सोर्समध्ये बराच जास्त व्होल्टेज लागतो. त्यामुळे गेट ४.५ व्होल्टवर ठेवलं तर सोर्स ८ च्या वर चढतो, ड्रेनशी अंतरच राहत नाही आणि जोरात स्ट्रम केलं की आवाज फाटतो. याला डिव्हायडर नकोच. १ मेगओहम सरळ ग्राउंडला जोडा, सोर्सला ४.७ के लावा. सोर्सवर ३ ते ५ व्होल्ट आले की काम झालं. ६ च्या वर गेले तर ४.७ के ऐवजी २.२ के लावून पुन्हा मोजा. हे पार्ट एकसारखे निघत नाहीत. बीएफडब्ल्यू१० चा चौथा पाय धातूच्या टोपीचा असतो. तो ग्राउंडला जोडा, नाहीतर घरघर ऐकू येते.

मोजताना मीटरची पिन गेटवर नको, सोर्सवरच ठेवा. डिव्हायडरच्या सर्किटमध्ये १० मेगओहमचा डिजिटल मीटरसुद्धा गेटवर ४.५ ऐवजी ४.१ दाखवतो, काट्याचा मीटर तर त्याहून खूपच कमी. सर्किट ठीक असूनही मग माणूस रेझिस्टर बदलत बसतो.

आणि बफर ॲम्पशेजारी ठेवू नका. पाच मीटर केबलचे सुमारे ५०० पिकोफॅरड तसेच पिकअपवर राहतात. तो गिटारच्या आत किंवा जॅकपासून वीतभर अंतरावर बसवा.