लंडनच्या लग्नांत वेटरची शिफ्ट: मजुरी बुडू नये म्हणून

वेम्बली, हॅरो, साउथॉल भागात देशी लग्नांचं केटरिंग करणारी बरीच किचन्स आहेत आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्यांना माणसं कमी पडतात. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी फोन करू नका. मंगळवार-बुधवारी दुपारी प्रत्यक्ष जा आणि स्टाफचं कोण बघतं ते विचारा. काम मिळवून देण्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करून निघा. इथल्या कायद्यात कामगाराकडून तसे पैसे घेता येत नाहीत.

स्टुडंट व्हिसावर असाल तर पहिला प्रश्न दराचा नाही, नोंदणीचा. "सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून इन्व्हॉइस पाठव" असं सांगितलं तर नाही म्हणा, कारण या व्हिसावर तसं काम करता येत नाही. शिफ्टच्या काही ॲप्सचीही हीच अडचण आहे. नोकरी पे-रोलवरच हवी. त्यासाठी तुमचा कामाचा हक्क ऑनलाइन दाखवणारा शेअर कोड आणि जन्मतारीख द्या, मूळ पासपोर्ट कुणाकडे ठेवू नका. नॅशनल इन्शुरन्स नंबर यायचा असला तरी काम सुरू करता येतं.

आता दराचं गणित. "शनिवारी ये, रात्रीचे 100 पाउंड" हे ऐकायला बरं वाटतं. दुपारी 2 ला हजर, टेबलं लावायची, स्टार्टर फिरवायचे, चेफिंग डिश भरत राहायच्या, शेवटी क्रॉकरी क्रेटमध्ये भरून रात्री 1:30 ला सुटका. अर्ध्या तासाचा बिनपगारी ब्रेक वजा केला तर 11 तास. एप्रिल 2026 पासून 21 वर्षं आणि त्यावरच्यांचा किमान दर तासाला 12.71 पाउंड आहे, म्हणजे 139.81 पाउंड व्हायला हवेत. जवळजवळ 40 पाउंड इथेच गेले. फटका बसतो तो बहुतेक आवराआवरीच्या शेवटच्या दोन तासांत, म्हणून "पाहुणे गेल्यावरचा वेळ धरणार ना?" हे आधीच विचारा.

पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तासच मिळतात आणि आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. शनिवारी 11 गेले की त्या आठवड्यात इतर सगळं काम धरून उरतात 9. दोन केटरर्सकडे केलं तरी बेरीज एकच.

शिफ्टच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहा: "शनिवारी 2 वाजता, अमुक हॉल, तासाला इतके, पैसे अमुक तारखेला, बरोबर?" समोरून आलेलं "येस" जपून ठेवा. पोचल्यावर आणि निघताना साइन-इन शीटचा फोटो काढा. पैसे रोख मिळाले तरी पे-स्लिप मागा, तो तुमचा हक्क आहे.

पैसे अडकले की "पार्टीने अजून दिले नाहीत" हे उत्तर हमखास येतं. काम एजन्सीमार्फत केलं असेल तर तिला त्या कारणावरून तुमची मजुरी थांबवता येत नाही. टाइमशीटवर सही नाही हेही कारण चालत नाही. तारीख, तास, दर आणि बाकी रक्कम लिहून ईमेल करा आणि सात दिवस द्या. त्यानंतर एकॅस या सरकारी संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशनचा, म्हणजे दाव्याआधीच्या तडजोडीचा, मोफत अर्ज भरा. पैसे मिळायला हवे होते त्या तारखेपासून तीन महिने व्हायच्या आत हा अर्ज गेलेला बरा. "पुढच्या आठवड्यात देतो" ऐकण्यात ते महिने भुर्रकन जातात. दर किमान दरापेक्षा कमी असेल तर फेअर वर्क एजन्सी या सरकारी संस्थेकडे वेगळी तक्रार करता येते, तीही नाव न सांगता.