अपसामान्य मानसशास्त्राची चार आठवड्यांची उजळणी: या चुका टाळा

या पेपरच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गंमत दिसते. ज्याने अभ्यास केलेला नाही, तो फारशा चुका करत नाही. तो पान कोरं सोडतो. चुका होतात त्या वाचून आलेल्यांच्या. लक्षणं सगळी बरोबर लिहिलेली असतात, पण भलत्याच विकृतीच्या नावाखाली. तेव्हा उजळणीचा आराखडा करताना धडे किती वाचून झाले याबरोबरच दोन सारख्या दिसणाऱ्या विकृती वेगळ्या काढता येतात का, हेही मोजायला हवं.

आधी सगळं वाचून घेऊ, प्रश्न शेवटी बघू

सर्वाधिक आढळणारी चूक हीच. तीन आठवडे वाचन आणि चौथ्यात जुन्या प्रश्नपत्रिका. पुन्हा वाचताना ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण आठवण समजतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. रात्री वाचून उठल्यावर येणारा आत्मविश्वास त्या पाच मिनिटांतला असतो.

समजा आठवड्याला बारा तास मिळतात. पहिल्या आठवड्यात सहा तास वाचन, चार तास आठवून लिहिणं आणि दोन तास प्रश्न, असं ठेवा. दुसऱ्यात हेच चार, पाच, तीन. तिसऱ्यात दोन, पाच, पाच. शेवटच्या आठवड्यात वाचनाला एकच तास, आठवून लिहायला चार आणि वेळ लावून प्रश्न सोडवायला सात. पहिल्याच आठवड्यात प्रश्न कशाला, असं वाटेल. ते सुटावेत अशी अपेक्षाच नाही. प्रश्न कसा विचारतात हे कळलं की वाचताना नजर कुठे थांबवायची ते कळतं. ज्यांचे तासच बुडाले आहेत आणि धडा पहिल्यांदाच हातात येतोय, त्यांनी पहिल्या आठवड्यातलं वाचन आठ तासांपर्यंत न्यावं. न वाचलेलं आठवणार तरी कसं?

एकेक विकृती सुटी पाठ करणं

सोमवारी स्किझोफ्रेनिया, मंगळवारी नैराश्य, बुधवारी चिंता, अशी वाटणी व्यवस्थित दिसते, पण परीक्षेत घोटाळा करते. प्रश्नातल्या रुग्णाच्या कपाळावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं.

एक प्रश्न घेऊ. एकवीस वर्षांचा तरुण. चार महिन्यांपासून शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी त्याची पक्की खात्री आहे, दोन माणसं आपल्याविषयी बोलतात असे आवाज त्याला ऐकू येतात, कॉलेजला जाणं सुटलं आहे. नशा नाही, शारीरिक आजार नाही, नैराश्याचा किंवा उन्मादाचा काळ आढळत नाही. निदान द्या.

बहुतेक जण लगेच स्किझोफ्रेनिया लिहितात. डिल्यूजन आहे, भास आहेत, म्हणजे लक्षणं जुळली. पण डीएसएम-५ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी आजाराच्या खुणा सलग किमान सहा महिने असाव्या लागतात आणि त्यात साधारण एक महिना तीव्र लक्षणांचा लागतो. एका महिन्यापासून सहा महिन्यांच्या आतलं चित्र स्किझोफ्रेनिफॉर्म विकृतीत बसतं, आणि एका दिवसापासून एका महिन्याच्या आतलं अल्पकालीन सायकोटिक विकृतीत. म्हणून इथलं उत्तर स्किझोफ्रेनिफॉर्म. मात्र अभ्यासक्रम आयसीडी-११ वर आधारलेला असेल तर तिथे एका महिन्याची अट असल्यामुळे स्किझोफ्रेनिया हेच उत्तर बरोबर ठरेल. आपला पेपर कोणत्या पद्धतीवर चालतो हे पहिल्याच दिवशी वहीच्या कव्हरवर लिहून ठेवा.

याच तरुणाला उन्मादाचे झटकेही येत असते तर? मग मनःस्थिती ठीक असतानाही डिल्यूजन किंवा भास किमान दोन आठवडे होते का, हे पाहावं लागलं असतं. स्किझोअफेक्टिव्ह विकृती ठरवताना तो मुद्दा लागतो. एकाच गोष्टीत एक तपशील बदलून निदान कसं सरकतं हे बघणं म्हणजेच या पेपरची खरी उजळणी.

म्हणून आठवून लिहिताना विकृती जोडीने घ्या. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारा, एका बाजूला तीव्र ताण विकृती, दुसऱ्या बाजूला पीटीएसडी. पुस्तक बंद, दहा मिनिटं. दोन्हींत आघात आहे, नको असलेल्या आठवणी आहेत, टाळाटाळ आहे. डीएसएम-५ प्रमाणे पहिली तीन दिवसांपासून एका महिन्यापर्यंत आणि दुसरी एका महिन्याच्या पुढे. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. हीच जोडी दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने लिहा. उन्माद आणि सौम्य उन्माद (एक आठवडा आणि चार दिवस), मोठं नैराश्य आणि दीर्घकालीन नैराश्य (दोन आठवडे आणि प्रौढांमध्ये दोन वर्षं) या जोड्याही अशाच. तिसऱ्या फेरीलाही लाल शाई तितकीच लागत असेल, तर तुम्ही आठवत नाही, मधेच डोकावून बघता आहात!

कारणांचं एकच उत्तर सगळीकडे

‘अनुवंश, बालपणीचे अनुभव, ताण, समाज’ हा परिच्छेद मी इतक्या वेळा वाचला आहे की मलाच पाठ झाला आहे. स्वतःच्या उत्तराची एक परीक्षा घ्या: विकृतीचं नाव झाकून वाचा. कोणती विकृती आहे हे ओळखू येत नसेल, तर गुण मिळणार नाहीत. पॅनिक विकृतीत छातीतल्या धडधडीचा अर्थ ‘हार्ट अटॅक येतोय’ असा लावला जातो आणि त्या भीतीने धडधड आणखी वाढते, हे क्लार्क यांचं प्रतिमान तिथेच शोभतं. स्किझोफ्रेनियात डोपामीन येतं, आणि घरात सतत टीका असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते हेही येतं. प्रत्येक विकृतीला असे दोनच खास मुद्दे पुरतात.

जुनी प्रश्नपत्रिका जशीच्या तशी सोडवणं

२०१३ मध्ये डीएसएम-५ आलं आणि काही प्रश्न शिळे झाले. स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड वगैरे उपप्रकार काढले गेले, पाच अक्षांची पद्धत गेली, ओसीडी आणि पीटीएसडी चिंता विकृतींमधून बाहेर पडून आपापल्या गटांत गेल्या. जुना प्रश्न टाकून देऊ नका. आधी तो आजच्या वर्गीकरणात बसवून घ्या, मग सोडवा. अभ्यासक्रमातच जुनं वर्गीकरण असेल तर अर्थातच तेच लिहायचं.

चुकलेलं सगळं पुन्हा वाचणं

प्रश्न चुकला की पूर्ण धडा पुन्हा उघडायचा, ही सवय तिसऱ्या आठवड्यात वेळ खाते. चुकलेल्या प्रश्नाशेजारी एक अक्षर लिहा. माहितीच नव्हती तर ‘म’, आणि तेवढीच दोन पानं वाचा. दोन विकृतींत गोंधळ झाला तर ‘ग’, त्या जोडीचा कागद पुन्हा लिहा. सगळं येत होतं पण प्रश्न ‘तुलना करा’ म्हणत होता आणि तुम्ही दोन वेगवेगळी वर्णनं लिहिली, तर ‘प’. तिथे वाचून काहीच होणार नाही, फक्त त्या उत्तराचा सांगाडा पाच मिनिटांत नव्याने मांडा. वर घेतलेल्या तरुणाचं निदान चुकलं असेल, तर तुमच्या वहीत तिथे बहुधा ‘ग’ पडेल.