ऑडिटच्या आदल्या रात्री मनाला समजावताना या चुका टाळा

वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला मला बारा वर्षं झाली. कस्टमर ऑडिट आलं की टपरीवर कोणी ना कोणी पोरगं येतंच, "दादा, पोटात गोळा आलाय." आणि चुका त्याच त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भीती प्रश्न करून ठेवायची. "अडकलो तर?" अरे, तर काय? प्रश्न खरा की खोटा ते तपासता येत नाही, म्हणून तो रात्रभर डोक्यात फिरतो. मागच्या साली लातूरकडचं एक पोरगं पहिल्यांदाच ऑडिटरला रिजेक्शनचा डेटा सांगणार होतं. त्याला म्हणलं वाक्य पुरं कर, कागदावर. त्यानं लिहिलं, "मी गप्प होणार आन साहेब मला या कामातून काढणार." शंभरपैकी किती पटायलंय? म्हणला ऐंशी. मग दोन रकाने केले, एकात त्या वाक्याच्या बाजूचा पुरावा, दुसऱ्यात विरुद्ध. बाजूनं काय, तर कॉलेजात व्हायव्हाला एकदा गप्प झालता. "छाती धडधडायलीय" हे पण त्यानं पुराव्यात घातलं होतं, ते मी खोडलं, धडधड म्हणजे भीती वाटायलीय एवढंच, त्यावरून फजिती होणार असं कुठं ठरतं? विरुद्ध बाजूला, सहा महिन्यांचा डेटा यानंच भरलेला, आणि मॉक ऑडिटला दोनदा "फाईल बघून सांगतो" म्हणला तर कोणी काहीच बोललं नव्हतं. मग नवीन वाक्य झालं, "एखाद्या प्रश्नाला अडकेन, तेव्हा फाईल उघडून सांगेन." आता किती? म्हणला चाळीस, आणि तोंड पाडून बसला, काहून तर शून्य नाही झालं! चाळीसवर आलं हेच लई झालं की राजा, ऐंशीची झोप लागत नाही, चाळीसची लागते.

अन् खरंच तिसऱ्या प्रश्नाला अडकला. फाईल उघडली, आकडा सांगितला, ऑडिटर तोवर चहा पीत होता.

दुसरी चूक माझी स्वतःची, "सगळं एक नंबर होणार" असं वहीत वीस वेळा लिहायची. मनाला पटतच नाही ना, आतून लगेच आवाज येतो, "हो का?" नवीन वाक्य गोड नसलं तरी चालतं, पटलं पाहिजे.

"विचारच करू नको" म्हणणारे मित्र टाळा. वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, तर तेच अस्वल डोक्यात येत राहिलं.

सकाळी पार्किंगमध्ये गाडी लावता लावता हे कागदावरचं काम करायला बसू नका, आदल्या दिवशी पंधरा मिनिटं काढा. मनातल्या मनात तर नाहीच, डोकं वकिली करतं.

आणि डेटाच भरलेला नसेल तर भीती बरोबर आहे, कागद ठेवा आन एक्सेल उघडा.