राइट-थ्रू की राइट-बॅक? मेमरी ट्रॅफिक मोजताना या चुका टाळा

सीओएच्या पेपरआधी दादरच्या अभ्यासिकेत ज्युनियर मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, "दादा, राइट-बॅक आहे म्हणजे ट्रॅफिक कमीच येणार ना?" उत्तर असं आधीच डोक्यात धरून बेरीज केली की गणित चुकतं, कारण कमी येणार की जास्त हे सिक्वेन्सवर ठरतं आणि तुम्ही नेमकं काय मोजताय त्यावरही. म्हणून एकच छोटं उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू.

कॅश डायरेक्ट मॅप्ड, ४ लाइन, प्रत्येक ब्लॉक १६ बाइटचा, वर्ड ४ बाइटचा. सुरुवातीला कॅश रिकामी आणि राइट-थ्रू, राइट-बॅक दोन्हीकडे राइट अलोकेट. पत्ते बाइटमध्ये आहेत, `R` म्हणजे रीड, `W` म्हणजे एक वर्ड राइट.

```
1: W 0
2: W 4
3: R 8
4: R 64
5: W 68
6: R 0
7: R 16
8: W 20
9: R 64
```

पत्त्याला १६ ने भागलं की ब्लॉक नंबर मिळतो, त्याला ४ ने भागून बाकी घेतली की लाइन. म्हणजे पत्ता ० ते १५ हा ब्लॉक ०, तो लाइन ० मध्ये, आणि ६४ ते ७९ हा ब्लॉक ४, तोही लाइन ० मध्येच, त्यामुळे हे दोघं एकमेकांना सारखे बाहेर ढकलणार. १६ ते ३१ हा ब्लॉक १, तो लाइन १ मध्ये निवांत राहणार.

आधी नुसते हिट-मिस काढा, पॉलिसीचा विचारच नको. मिस होतात १, ४, ६, ७ आणि ९ नंबरला, म्हणजे पाच, बाकी चार हिट. दोन्हीकडे राइट अलोकेट असल्यामुळे हे पाच मिस दोन्ही पॉलिसींना तेच राहतात, कारण मिसवर ब्लॉक दोन्हीकडे आत येतोच. तपासायची सगळ्यात सोपी खूण हीच: मेमरीतून आत आलेला डेटा दोन्हीकडे सारखा असायला हवा, इथे ५ गुणिले १६ म्हणजे ८० बाइट. तुमच्या वहीत दोन्हीकडे वेगळा आकडा येत असेल तर पुढे जाऊच नका, चूक इथेच आहे.

बहुतेकांची ती चूक पहिल्याच ओळीवर होते. `W 0` मिस झाला, आणि मुलं म्हणतात की लिहायचंच आहे तर मेमरीतून वाचायचं कशाला. पण आपण १६ पैकी फक्त ४ बाइट लिहितोय, उरलेले १२ बाइट खरे कुठून येणार? राइट अलोकेट म्हटलं की आधी अख्खा ब्लॉक आत आणायचा आणि मग त्यात वर्ड लिहायचा. (प्रत्येक वर्डला वेगळा व्हॅलिड बिट असेल तर फेच टाळता येतो, पण प्रश्नात तसं लिहिलेलं असेल तरच.) हा फेच नुसता परीक्षेपुरता नाही हां. `a[i] = b[i]` हा ८ बाइटच्या डबलचा साधा कॉपी लूप मोठ्या अॅरेवर राइट-बॅक, राइट अलोकेट कॅशवर चालवलात तर प्रत्येक फेरीला ८ बाइट `b` चे आत, ८ बाइट `a` चे आत आणि ८ बाइट `a` चे बाहेर, असे २४ होतात. स्ट्रीम बेंचमार्क मात्र कॉपीसाठी १६ च धरतो, तो राइट अलोकेटचा फेच मोजत नाही, म्हणून तिथला बँडविड्थचा आकडा बघून बसवरून खरंच किती डेटा गेला हे कळत नाही.

आता राइट-थ्रूचं बाहेर जाणारं ट्रॅफिक. हिट असो की मिस, प्रत्येक राइट मेमरीपर्यंत जातो, पण फक्त तो वर्ड, ब्लॉक नाही. राइट आहेत १, २, ५, ८, म्हणजे ४ गुणिले ४, १६ बाइट. एकूण ८० अधिक १६, म्हणजे ९६. इथे काही जण राइट बफर आहे म्हणून हे १६ सोडून देतात, पण साधा बफर प्रोसेसरला थांबावं लागू नये म्हणून असतो, राइट नंतर का होईना मेमरीत जातातच. एकाच ब्लॉकमधले राइट एकत्र करणारा बफर असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा प्रश्नात तसं सांगितलेलं असतं.

राइट-बॅकमध्ये प्रत्येक लाइनला डर्टी बिट ठेवून एकेक ओळ चालायची, घाई इथेच नडते. १ ला ब्लॉक ० आला आणि डर्टी झाला, २ ला परत लिहिलं, तो आधीच डर्टी होता, मेमरीत काहीच गेलं नाही. ४ नंबर `R 64`, हा रीड आहे, आणि रीड म्हणून मुलं इथे फक्त फेच धरतात. पण लाइन ० मधून ब्लॉक ० बाहेर जातोय आणि तो डर्टी आहे, म्हणजे या रीडमुळे १६ बाइट मेमरीत लिहिले गेले. बदललेले वर्ड दोनच असले तरी अख्खे १६ जातात, कारण डर्टी बिट ब्लॉकला एकच आहे आणि कुठला वर्ड बदलला हे त्याला माहीत नाही. ५ ला ब्लॉक ४ डर्टी, ६ ला तो बाहेर, परत १६ बाइट. आणि ६ ला जो ब्लॉक ० परत आला तो रीडने आला, तो क्लीन आहे! मघाशी डर्टी होता म्हणून आताही डर्टी असं धरलं की ९ नंबरला फुकटचा एक राइट-बॅक वाढतो. नवा ब्लॉक आला की डर्टी बिट नव्याने ठरवायचा, रीडने आला तर ०, राइटने आला तर १.

म्हणजे राइट-बॅक दोन, ३२ बाइट, एकूण ११२. शेवटी ब्लॉक १ (८ नंबरचा राइट) डर्टी अवस्थेत कॅशमध्येच उरलाय. प्रश्नात शेवटी कॅश फ्लश करा असं असेल तर आणखी १६, एकूण १२८, नसेल तर ११२ वरच थांबायचं आणि उत्तरात स्पष्ट लिहायचं की एक डर्टी ब्लॉक कॅशमध्ये बाकी आहे.

बघा, राइट-थ्रू ९६ आणि राइट-बॅक ११२. आता हेच बाइटऐवजी मेमरीच्या फेऱ्यांमध्ये मोजा: राइट-थ्रूला ५ फेच आणि ४ राइट, म्हणजे ९, राइट-बॅकला ५ फेच आणि २ राइट, म्हणजे ७, फ्लश धरला तरी ८. एकाच सिक्वेन्सवर बाइटमध्ये राइट-थ्रू जिंकतो आणि फेऱ्यांमध्ये राइट-बॅक, त्यामुळे "ट्रॅफिक" शब्द दिसला की एकक कुठलं मागितलंय ते आधी बघाच. मार्क बहुतेक तिथेच जातात.

बाइटमध्ये राइट-बॅक इथे का हरला? एक डर्टी ब्लॉक बाहेर जाताना १६ बाइट लागतात, तेवढ्यात राइट-थ्रू ४ वर्ड लिहून मोकळा होतो. म्हणजे ब्लॉक बाहेर जाईपर्यंत त्यावर सरासरी ४ पेक्षा जास्त राइट पडले तरच राइट-बॅकचे बाइट वाचतात, आणि आपल्या सिक्वेन्समध्ये ब्लॉक ० वर दोन, बाकीच्यांवर एकेकच पडला. हाच `W 20` एखाद्या लूपमध्ये बेरीज साठवायला १०० वेळा आला असता आणि मधे ब्लॉक १ बाहेर गेला नसता, तर राइट-थ्रूला त्या एका वर्डसाठी ४०० बाइट लागले असते आणि राइट-बॅकला शेवटी एकदाच १६.