राव-ब्लॅकवेल: कंडिशन नेमकी कशावर घ्यायची?

अनबायस्ड एस्टिमेटरचा व्हेरियन्स कमी करण्याची ही युक्ती सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये आणि डेव्हिड ब्लॅकवेल यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. विधान एका ओळीचं आहे: W अनबायस्ड असेल आणि T सफिशियंट असेल, तर E[W | T] हाही अनबायस्ड असतो आणि त्याचा व्हेरियन्स W पेक्षा जास्त कधीच नसतो. विधान पाठ असूनही गणित सोडवताना गाडी अडते, ती T निवडताना.

उदाहरण पॉयसनचं घेऊ. X1, …, Xn स्वतंत्र, प्रत्येकाचा मीन λ. काढायची आहे शून्य येण्याची प्रोबॅबिलिटी, म्हणजे e^(-λ). सुरुवातीला अगदी ओबडधोबड एस्टिमेटर चालतो, उलट तोच घ्यावा, कारण पुढचं गणित सोपं होतं. X1 शून्य असेल तर W = 1, नाहीतर W = 0. याची सरासरी e^(-λ) आहे, म्हणून तो अनबायस्ड. बाकीचा सगळा डेटा मात्र वाया जातो.

आता T = X1 + … + Xn. बेरीज t आहे हे कळल्यावर या t घटना n खणांत यदृच्छेने वाटल्यासारख्या असतात. प्रत्येक घटना पहिल्या खणात पडण्याची शक्यता 1/n, आणि λ या वाटपात कुठेच नाही. म्हणजेच X1 चं कंडिशनल डिस्ट्रिब्यूशन बायनॉमियल(t, 1/n) आहे. पहिला खण रिकामा राहण्याची शक्यता:

E[W | T] = (1 - 1/n)^T

इथे थांबून पडताळा घ्यावा. T पॉयसन आहे, मीन nλ, म्हणून E[a^T] = e^(nλ(a-1)). यात a = 1 - 1/n घातलं की e^(-λ) मिळतं. असा पडताळा जमला नाही तर चूक बहुधा कंडिशनल डिस्ट्रिब्यूशनमध्ये असते.

दहा निरीक्षणं समजा अशी आहेत: 3, 0, 2, 1, 4, 2, 0, 3, 1, 2. बेरीज १८. W चं उत्तर ० येतं, कारण पहिलं निरीक्षण ३ आहे. नवा एस्टिमेटर 0.9^18, म्हणजे सुमारे ०.१५० देतो.

फायदा किती झाला हे मोजताना बरेच जण W शी तुलना करून खूश होतात. n = 10, λ = 2 असताना W चा व्हेरियन्स सुमारे ०.११७ आणि नव्याचा e^(-2λ)(e^(λ/n) - 1), म्हणजे सुमारे ०.००४१. जवळजवळ २९ पट सुधारणा! पण एकाच निरीक्षणावर चालणाऱ्या एस्टिमेटरला हरवण्यात काय मोठेपणा? खरी तुलना नमुन्यातल्या शून्यांच्या प्रमाणाशी करावी. वरच्या डेटात ते ०.२ आहे आणि त्याचा व्हेरियन्स ०.०११७. तरीही नवा एस्टिमेटर जवळजवळ तिप्पट सरस ठरतो.

हे प्रमाण कुठून आलं, ते पाहण्यासारखं आहे. निरीक्षणं चढत्या क्रमाने लावली तर ती मांडणीही सफिशियंटच असते. तिच्यावर W ची कंडिशन घेतली तर पहिलं निरीक्षण त्या दहांपैकी कुठलंही असू शकतं, म्हणून उत्तर येतं बरोबर शून्यांचं प्रमाण. प्रमेय लागू पडलं, सुधारणाही झाली, पण अर्ध्यावरच थांबली, कारण मांडणीत बेरजेपेक्षा जास्तीची माहिती शिल्लक आहे आणि λ बद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणून T मिनिमल घ्यावा. इथे T कंप्लीटही आहे, त्यामुळे लेहमन-शेफे प्रमेयानुसार (1 - 1/n)^T पेक्षा कमी व्हेरियन्सचा अनबायस्ड एस्टिमेटर मिळणारच नाही.

उलट बाजूची चूक जास्त फसवी असते. कंडिशन X2 वर घ्या. X1 आणि X2 स्वतंत्र असल्यामुळे E[W | X2] = e^(-λ) येतं, व्हेरियन्स चक्क शून्य! पण हा एस्टिमेटरच नव्हे. जे काढायचंय तेच उत्तरात बसलंय. X2 एकटा सफिशियंट नाही, म्हणून λ गळून पडला नाही. शेवटच्या ओळीत पॅरामीटर दिसला की T तपासायचा, बीजगणित नंतर.

व्हेरियन्स सर्वांत कमी म्हणजे उत्तर शहाणपणाचं, असं मात्र नाही. याच रीतीने e^(-2λ) साठी (1 - 2/n)^T मिळतं. n = 1 असेल तर ते (-1)^T होतं: निरीक्षण सम असेल तर १, विषम असेल तर उणे १. प्रोबॅबिलिटीचा अंदाज उणे! इथे λ च्या जागी T/n घालून मिळणारा e^(-2T/n) बायस्ड असला, तरी निदान ० आणि १ च्या मध्ये राहतो.