कामाच्या वेळेनंतर तातडीसाठी फक्त फोन

संध्याकाळी सातनंतर तातडीचे आणि नेहमीचे निरोप एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येत राहिले, की प्रत्येक आवाजाला मोबाइल हातात घ्यावा लागतो. म्हणून दोहोंची वाटच वेगळी करावी. तातडीचे असेल तर फोनच करायचा आणि लिहिलेल्या निरोपाला सकाळी दहापर्यंत उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, एवढा नियम पुरतो. तातडी म्हणजे काय, हे मात्र उदाहरणांनी लिहून ठेवावे: पहाटे पाचला निघणाऱ्या ट्रकचे ई-वे बिल तयार होत नसेल तर फोन, उद्याच्या बैठकीचा तक्ता हवा असेल तर निरोप. फोन कोणी घ्यायचा, याची आठवड्याची पाळी लावावी आणि पाळीवरच्या व्यक्तीने सहकाऱ्यांच्या क्रमांकांना ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये सूट द्यावी, नाहीतर तो फोन वाजणारच नाही.

हा नियम बहुधा वरिष्ठांकडूनच मोडतो. रात्री साडेदहाला ‘सकाळी बघा’ असे लिहिले, तरी वाचणारा तेव्हाच लॅपटॉप उघडतो. त्यापेक्षा जीमेलमधील Schedule send वापरून मेल सकाळी साडेनऊला जाईल असा लावावा. महिनाभराने आलेले फोन तपासावेत आणि जे सकाळपर्यंत थांबू शकले असते, ते निरोपाच्या उदाहरणांत टाकावेत.