फ्लॅट व्हेक्टर चित्रातलं पात्र काढल्यावर राहिलेलं भगदाड कसं बुजवावं

समजा, सोफ्यावर बसलेली बाई काढायची आहे आणि भिंत, सोफा, जमीन तशीच ठेवायची आहे. खालच्या कळा इंकस्केपच्या आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कळा बदलतील, पद्धत तीच.

Shift+Ctrl+G ने ग्रुप सोडवा आणि बाईचे सगळे तुकडे उडवा. गादीवरची तिची सावली सहसा वेगळा अर्धपारदर्शक शेप असते, तीही काढा. मागे सोफा अखंड निघाला तर काम संपलं.

बहुतेक वेळा तो अखंड निघत नाही. चित्र करताना एकावर एक असलेले शेप कापून टाकलेले असतात, त्यामुळे भिंतीत डोक्याच्या आकाराची खाच दिसते आणि सोफ्याच्या पाठीचे डावा-उजवा असे दोन तुकडे झालेले असतात. इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे त्याच रंगाचं ठिगळ लावा. लावू नका. दोन कडा नेमक्या भिडल्या की सांध्यावरचा पिक्सेल दोघांकडून अर्धा-अर्धा रंगतो. पहिल्याने 50 टक्के झाकला, दुसऱ्याने उरलेल्याच्या निम्मा, म्हणजे 25 टक्के मागचा रंग डोकावतोच. तीच ती केसासारखी बारीक रेघ. झूम केल्याने ती जात नाही.

त्याऐवजी मूळ शेपच वाढवा, आणि सुरुवात सगळ्यात मागच्या शेपपासून करा. भिंत निवडा, N दाबा, चार कोपरे सोडून बाकीचे नोड निवडा आणि Ctrl+Delete करा. नुसतं Delete दाबलंत तर इंकस्केप जुना आकार राखायला बघतं आणि कड फुगते. तरीही बाक राहिला तर त्या कडेची दोन्ही टोकं निवडून Shift+L. भिंत सोफ्याच्या मागून सरळ खाली जाऊ द्या. जिथे मागचा शेप पुढच्याखाली शिरतो, तिथे फट पडायला जागाच उरत नाही.

मग सोफ्याची पाठ. डाव्या तुकड्याची कापलेली कड अशीच दोन नोडांवर आणा, ते दोन्ही नोड Ctrl धरून आडवे ओढा आणि उजव्या तुकड्यात चांगले आत घाला. दोन्ही तुकडे निवडून Ctrl++ केलं की एकच शेप होतो. वरची कड कमानदार असेल तर ओढून भागत नाही: जो तुकडा जास्त शाबूत आहे त्याची प्रत H ने उलटवा आणि मग जोडा. अर्थात सोफा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तरच.

गादीवरची शिवण तुटली असेल तर नवी काढा. रंग मात्र ड्रॉपरने उचलू नका. वर पारदर्शक सावली असेल तर ड्रॉपर मिसळलेला रंग देतो. जुनी शिवण Ctrl+C करा आणि नवीवर Shift+Ctrl+V.

शेवटी सगळ्यांच्या खाली एक भडक गुलाबी चौकोन ठेवून दुप्पट आकाराचं पीएनजी काढा. गुलाबी रेघ दिसली, तर तिथे अजून दोन कडा नुसत्याच भिडलेल्या आहेत.